सोपं आणि गोड

शिवणकाम करणाऱ्या मावशी न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन मनगटात धातूची पट्टी बसली, वरून प्लास्टर. मावशी तिथल्याच एका नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेणाऱ्या अभ्यासात होत्या, त्यामुळे ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधन विभागात पोचायला वेळ लागला नाही.

त्या विभागात अभ्यासाचं रोजचं काम बघणारी बाई नवीन होती. आधी शाळेत विज्ञान शिकवायची, मग या कामाचं शिक्षण घेऊन इकडे आली. समोरच्याला काहीही सांगितलं की ती म्हणायची, "आता मला सांगा बघू, काय कळलं?" म्हणून महिन्याभरातच सगळे तिला मास्तरीण म्हणायला लागले होते.

मास्तरीण वॉर्डात गेली तेव्हा मावशी हाताकडे बघत पडल्या होत्या.

"कशा पडलात, मावशी?"

"चक्कर आली. उठलं की येतेच हल्ली."

"हल्ली म्हणजे?"

"गोळ्या सुरू झाल्यापासून."

मास्तरीण खुर्चीवर बसली. मावशींना मधुमेह होता आणि तळपायांची आग व्हायची. त्या आगीवरच्या नव्या गोळीचा हा अभ्यास होता. चक्कर हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास होता आणि दर भेटीत तो विचारायचा असतो. मावशींच्या प्रत्येक भेटीच्या कागदावर 'त्रास नाही' असं लिहिलेलं तिनं सकाळीच पाहिलं होतं.

"मग सांगितलं का नाही?"

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. "सांगितलं तर काढून टाकतात ना. तसं लिहिलंय कागदात. आणि इथून काढलं म्हणजे मधुमेहाच्या गोळ्याही गेल्या. मग मी कुठे जाऊ?"

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय, ताई. मी सातवी शिकलेय. दोनदा वाचलं."

मास्तरीण वर आली आणि तिनं संमतीपत्र उघडलं. बावीस पानं होती. तेराव्या पानावर ते वाक्य सापडलं: 'सहभागीचा सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून, अन्वेषकाच्या विवेकानुसार सहभागीच्या संमतीविना तो संपुष्टात आणला जाऊ शकतो, तथापि उक्त बाबीचा सहभागीच्या नियमित उपचारांवर विपरीत परिणाम संभवत नाही.'

तिनं ते पुन्हा वाचलं. उपचार बंद होणार नाहीत, असंच त्यात होतं. पण ते 'उक्त' आणि 'तथापि' यांच्या खाली गाडलेलं होतं. मावशींना त्यातून कळलं होतं ते एवढंच: तुम्हाला न विचारता काढू, आणि उपचारांचं काहीतरी विपरीत.

तिची कानशिलं तापली. सातवी शिकलेली बाई ते दोनदा वाचते, म्हणजे तिनं तिच्या बाजूचं सगळं केलं. मग लिहिणाऱ्यानं काय केलं?

अशा घटनेचा अहवाल गोळी बनवणाऱ्या कंपनीला लगेच आणि नीतिसमितीलाही ठरलेल्या वेळेत द्यावा लागतो. हॉस्पिटलात होणारा प्रत्येक अभ्यास लोकांच्या दृष्टीनं बरोबर चाललाय ना, हे ही समिती बघते. मास्तरणीनं अहवालाचा मसुदा केला आणि त्यात मावशींनी चक्कर का लपवली तेही लिहिलं.

अभ्यासाचे प्रमुख असलेले डॉक्टर वाचता वाचता थांबले. "हे शेवटचं काढा."

"का, सर?"

"पेशंट पडली, मनगट मोडलं, ऑपरेशन झालं. एवढं पुरे. तिला काय वाटलं हा वैद्यकीय मुद्दा नाही."

"वाटल्यामुळेच पडल्या त्या. पहिल्यांदा चक्कर आली तेव्हाच सांगितलं असतं तर आपण गोळी थांबवली असती."

"संमतीपत्र समितीनं मंजूर केलेलं आहे. खाली तिची सही आहे."

"सही आहे, सर. संमती कुठाय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. पण अभ्यासात अजून पुष्कळ माणसं भरायची होती आणि कंपनीचा रोज फोन यायचा. "मी आधी पेशंटला बघून येतो," एवढंच ते म्हणाले. मास्तरीणही मागून गेली.

मावशींनी डॉक्टरांना बघून उठायचा प्रयत्न केला. त्यांनी हातानं थांबवलं, प्लास्टर पाहिलं, दुखतंय का विचारलं. मग मावशी म्हणाल्या, "साहेब, नव्या गोळीनं पायाची आग काही कमी झाली नाही. जास्त ताकदीची द्या ना."

"तुमची नवी गोळी आहे की नाही, हे मलाही माहीत नाही," डॉक्टर सहज बोलून गेले. "निम्म्या लोकांच्या गोळीत औषधच नसतं."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "औषधच नसतं? म्हणजे मी तीन महिने... नुसतीच?"

"तसंही असेल. कागदात होतं ते. प्लासिबो."

"ते गोळीचं नाव आहे असं वाटलं मला."

डॉक्टर वळले आणि जिन्याकडे निघाले. वर येऊन त्यांनी अहवाल ओढला आणि शेवटच्या परिच्छेदासकट सही केली.

समितीचं उत्तर लवकर आलं. अध्यक्षीण बाई हॉस्पिटलच्या नव्हत्या, बाहेरच्या होत्या. पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: हे पत्र सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत पुन्हा लिहा. तोवर नवा माणूस घेऊ नका.

मास्तरीण कामाला लागली. एका वाक्यात एकच गोष्ट. 'सहभागी' नाही, 'तुम्ही'. 'अन्वेषक' नाही, 'डॉक्टर'. मजकूर कमी करायचा नव्हता. काय करणार, धोका काय, दुसरे उपाय कोणते, इजा झाली तर खर्च कुणाचा, विचारायचं कुणाला, यातलं काहीही गाळायचं नव्हतं. यादृच्छिक विभागणीच्या जागी तिनं लिहिलं: 'छापा-काटा करावा तसं, तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे संगणक ठरवतो. डॉक्टर निवडत नाहीत. ती कोणती आहे हे अभ्यास चालू असताना तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही.'

प्लासिबोला तिनं 'खोटी गोळी' म्हटलं आणि स्वतःवर खूश झाली. घरी सासूबाईंना वाचायला दिलं. त्यांनी एक पान वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"खोट्या गोळ्या विकणाऱ्याला पोलिसांत द्यायचं सोडून तू त्याची जाहिरात लिहितेस होय गं?"

"अहो आई, तसं नाही. त्यात औषध नसतं एवढंच."

"मग तसं लिही की!"

तसंच लिहिलं: 'औषध नसलेली गोळी, दिसायला अगदी औषधासारखीच.' मग तिनं तो कागद बाह्यरुग्ण विभागात थांबलेल्या नातेवाइकांना दिला, एका बसचालकाला दिला, एका भाजीवालीला दिला. प्रत्येकाला तेच: "आता मला सांगा बघू." जिथं माणूस अडला तिथं दोष त्याचा नाही, वाक्याचा, असं धरून तिनं वाक्य बदललं. बावीसची नऊ पानं झाली, तीही मोठ्या अक्षरात.

मसुदा कंपनीकडे गेला. परत आला तो सहा पानांचा होऊन.

तिनं वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'उभं राहताना चक्कर येऊन तुम्ही पडू शकता' याचं 'क्वचित थोडं अस्वस्थ वाटू शकतं' झालं होतं. औषध नसलेल्या गोळीचं वाक्य पहिल्या पानावरून उचलून पाचव्या पानाच्या तळाशी टाकलं होतं. 'अभ्यासामुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च कंपनी करेल' याच्या जागी 'खर्चाबाबत नियमांनुसार कार्यवाही होईल'.

कंपनीच्या माणसाशी व्हिडिओ कॉल झाला. तो अगदी गोड बोलत होता.

"मॅडम, तुम्हालाच सोपं हवं होतं ना? आम्ही अजून सोपं केलं."

"सोपं म्हटलं होतं मी. गोड करा नव्हतं म्हटलं."

"पडू शकता वगैरे वाचून लोक घाबरतात हो. उगाच भीती कशाला घालायची?"

"उगाच? एक बाई मनगटात पट्टी घालून बसलीय. शिवणावर पोट आहे तिचं. तिला भीती घातली असती तर तिचा हात धड राहिला असता!"

"आमचा कायदा विभाग—"

"जड भाषेतही तुम्ही लपवणार आणि हलक्या भाषेतही लपवणार. मग भाषा बदलून उपयोग काय?"

आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. डॉक्टर तिच्या बाजूला बसले होते. ते आता गप्प करतील असं तिला वाटलं. ते घसा खाकरून म्हणाले, "दोन्ही मसुदे समितीला पाठवू. समितीनं ठरवावं."

समितीच्या बैठकीत डॉक्टरांनी दोन्ही कागद मांडले आणि नियमाप्रमाणे निर्णयाच्या वेळी ते आणि मास्तरीण दोघंही बाहेर जाऊन बसले. दार उघडलं तेव्हा अध्यक्षीण बाईंच्या हातात कंपनीचा मसुदा होता.

"हा वाचायला सोपा आहे," त्या म्हणाल्या, "आणि म्हणूनच पहिल्यापेक्षा वाईट. पहिला निदान कळत नव्हता. हा कळतो आणि चुकीचा कळतो." नऊ पानी मसुदा त्यांनी एका दुरुस्तीसह मंजूर केला. तक्रारीसाठी समितीचा फोन नंबर शेवटी होता, तो पहिल्या पानावर आणायचा. आणि आधी सही केलेल्या प्रत्येकाला नवा कागद वाचायला देऊन पुन्हा विचारायचं. कंपनीनं कुरकुर केली, पण समितीच्या मंजुरीशिवाय इथे अभ्यासच चालणार नव्हता. शेवटी मानलं.

पुन्हा विचारायला सुरुवात झाली आणि माणसं गळायला लागली. एकानं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?" दुसऱ्यानं विचारलंच नाही, उठून गेला. बरेचजण मात्र थांबलेही; एक आजोबा म्हणाले, "औषध नसलेली मिळाली तरी चालेल, पुढच्यांना उपयोग होईल. पण आता मला माहितीये." मास्तरणीला दोन्ही सारखंच बरं वाटलं. राग मात्र गेला नाही. प्रत्येक गळणारा माणूस म्हणजे आधी न कळता बांधून ठेवलेला माणूस, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

मावशी आल्या त्या प्लास्टर काढल्यावर. नऊच्या नऊ पानं त्यांनी वाचली, ओठ हलवत, बोट फिरवत. मास्तरणीनं विचारायच्या आधीच मावशींनी सांगायला सुरुवात केली. "गोळीत औषध असेल किंवा नसेल. त्रास झाला तर लगेच सांगायचं. सांगितलं तर गोळी थांबवतील, पण मधुमेहाच्या गोळ्या चालूच राहणार. हाताचा खर्च कंपनीकडे. बुडलेल्या कामाची भरपाई किती द्यायची ते अजून ठरायचंय."

"बरोबर."

"आणि मी नको म्हटलं तरी चालतं."

"चालतं."

"मग नको."

त्यांनी कागद घडी न घालता नीट टेबलावर ठेवला. डॉक्टर दारात उभे होते. ते आत आले, मावशींच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

"मावशी, चूक आमची होती," ते म्हणाले.

मावशींनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. मूठ अजून पुरती वळत नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमचीच होती." आणि पिशवी डाव्या हातात घेऊन त्या मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला खाली गेल्या.