आठ, सात, सहा, पाच, चार

ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोग्रामिंगच्या संघाला शिकवणाऱ्या सलवा गोर्बेल त्या दुपारी खुशीत होत्या. निवड चाचणी उरकली होती, कैरोच्या स्पर्धेला जाणाऱ्या तिघांची नावं कळवून झाली होती. तिसरी जागा मिळाली होती बादिसला. बादिस रगाबचा, आतल्या कोरड्या भागातल्या गावचा. निकाल कळताच त्याच्या आईनं गल्लीभर मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, वाटले आणि एक डबा बसनं सलवाबाईंनाही धाडला. त्यातलाच एक मकरूद तोंडात टाकून, पुढच्या तासाला दाखवायला म्हणून, त्यांनी बादिसचं उत्तर उघडलं.

गणित त्यांनीच घातलं होतं. काही आकडे दिलेत, त्यांचे दोन गट करा, दोन्ही बेरजांमधला फरक कमीत कमी किती होईल ते सांगा. बादिसनं आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावले होते आणि प्रत्येक आकडा त्या वेळी हलक्या असलेल्या गटात टाकला होता. बस्स, एवढंच.

सलवाबाईंनी पेन उचललं. त्यांनी कागदावर आठ, सात, सहा, पाच, चार लिहिलं. आठ इकडे, सात तिकडे. सहा सातापाशी, तेरा. पाच आठापाशी, तेही तेरा. उरलेला चार कुठेही टाका, सतरा आणि तेरा. फरक चार. पण आठ-सात एकीकडे आणि सहा-पाच-चार दुसरीकडे ठेवले, तर पंधरा-पंधरा. फरक शून्य.

मग उत्तरं तपासणाऱ्या मशीननं हे बरोबर कसं ठरवलं? त्यांनी आपलेच तपासणीचे आकडे काढले. प्रत्येक संचात शेकड्यानं आकडे, आणि सगळे लहान. इतकी चिल्लर असल्यावर पारडी कशीही भरली तरी शेवटी सारखी होतातच. चूक पोराची होती, पण ती पकडायचं काम त्यांचं होतं.

चौथी आली होती इब्तिहेल. तिची रीत पक्की होती: कोणकोणत्या बेरजा जमू शकतात त्यावर खुणा करायच्या. सुरुवातीला फक्त शून्यावर खूण. मग एकेक आकडा घ्यायचा आणि आधीच्या प्रत्येक खुणेत तो मिळवून नवी खूण करायची. शेवटी निम्म्या बेरजेच्या आत सगळ्यात मोठी खूण कुठे ते पाहायचं. तिची दुप्पट एकूण बेरजेतून वजा केली की फरक हातात. फक्त पहिल्या खेपेला तिनं खुणा खालून वर केल्या होत्या. त्यामुळे नुकतीच केलेली खूण पुन्हा हाती येई आणि एकच आकडा दोनदा मोजला जाई. मशीननं ते नाकारलं. वरून खाली उतरत तिनं ते लगेच दुरुस्त केलं, पण त्या एका नकाराचा दंड बसला. तिची आणि बादिसची गणितं सारख्याच संख्येनं सुटली होती. दंडावर ती मागे पडली.

सलवाबाई विभागप्रमुख सी मुन्सिफ ('सी' म्हणजे तिकडचं 'श्री') यांच्याकडे गेल्या.

"नावं गेलीत, सलवा," ते म्हणाले. "आता कशाला उकरून काढतेस? पोरगं गरिबाचं आहे."

"आणि इब्तिहेलचं काय?"

"तिला माहीत तरी आहे का?"

"मला माहीत आहे ना, सी मुन्सिफ."

त्यांनी खांदे उडवले. "कर मग. पण त्याला सांगायचं काम तुझं. मी नाही सांगणार."

बादिस वर्गात एकटाच सराव करत होता. त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं पाच आकडे वाचले, ओठ हलवत बेरजा केल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"पण मॅडम, मशीन हो म्हणालं होतं."

"मी मशीनला नीट आकडेच दिले नव्हते. ते माझं चुकलं."

"चुकलं तुमचं, आणि घरी बसायचं मी?"

 "सगळ्यांची उत्तरं पुन्हा तपासायला लागतील, बादिस," एवढंच बाई म्हणाल्या.

"आईला काय सांगू? गल्लीला काय सांगू? मकरूद परत मागू का?"

तो बॅग उचलून निघून गेला. नव्या आकड्यांवर त्याचं उत्तर पडलं, इब्तिहेलचं टिकलं. तिसरी जागा तिची झाल्याचं कळवलं तेव्हा ती हसली नाही. "मॅडम, तो आता माझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. आणि तसंच झालं.

कैरोत संघ मधल्या घोळक्यात कुठेतरी आला. परतल्यावर सलवाबाईंनी बादिसला जिन्यात गाठलं. पुढच्या चाचणीचे तपासणीचे आकडे माझ्याबरोबर करशील का, पुढच्या वर्षी पुन्हा उतर ना, असं त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"नको मॅडम." आवाजात राग नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं. "मी नेटवर्कवाल्या सरांकडे प्रोजेक्ट घेतलाय."

मग ते काम त्या एकट्याच करत राहिल्या. आधी मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायचं, मग त्याला पाडणारे आकडे शोधायचे. एकेका गणितापायी त्यांचे सुट्टीचे दिवस जात. सी मुन्सिफ एकदा डोकावून म्हणाले, "अगं, किती छळशील स्वतःला?" त्यांनी पुढचे आकडे लिहायला घेतले. बादिस त्याच मजल्यावर समोर असे. दिसला की सलाम करी, आणि पुढे जाई.