सहासष्ट की अडुसष्ट

कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईनं गुणपत्रिका पुढे सरकवली आणि बोट ठेवलं ते दुसऱ्या ओळीवर.

"मी खाडाखोड केली नाई, मॅडम. पाहा, नखानं खरडून पाहा."

माया तायडेनं कागद उजेडाकडे धरला. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद, घड्यांवर पिवळा पडलेला. शरीरशास्त्र, अडुसष्ट. खाडाखोड कुठंच नव्हती. बाईचं नाव मनकर्णा गावंडे, अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका. दवाखान्यानं गुणपत्रिका पडताळणीसाठी अमरावतीला या परीक्षा मंडळात पाठवली, आणि मंडळानं उत्तर दिलं: 'अभिलेखात सहासष्ट गुण नोंद आहेत. नोंद जुळत नाही.' त्या उत्तरावर तिला घरी बसवलं होतं. आता पोलिसात तक्रार देणार म्हणून नोटीस आली होती.

ते उत्तर मायानंच टाईप केलं होतं. सही साहेबांची, पण पाहणी तिची.

"बसा तुमी," माया म्हणाली. "मी पुन्हा पाहतो."

तिनं १९९९ सालची फाईल उघडली. त्या काळी केंद्रांवरून गुणांच्या याद्या फॅक्सनं यायच्या आणि थेट संगणकात साठायच्या. एकेका फाईलीत पन्नास-साठ पानं, टिफ प्रकारची, म्हणजे पानांची नुसती चित्रं. कागदावर त्या कधी काढल्याच गेल्या नाहीत, आणि मंडळाची जाड रजिस्टरं पुढं वाळवीनं खाल्ली. त्या फायली नव्या पोर्टलवर चढवायच्या म्हणून गेल्या वर्षी मायानंच सगळ्यांच्या पीडीएफ केल्या होत्या. तीनशे चाळीस फायली, एकत्रच संगणकाला लावल्या आणि दोन दिवसांत झाल्या. कंत्राटी ऑपरेटरच्या मानानं मोठं काम होतं ते. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

पडद्यावर गावंडे मनकर्णा. शरीरशास्त्र, सहासष्ट. आकडा स्वच्छ, गोल, कुठं डाग नाही.

मायाला हायसं वाटलं. मग का कोण जाणे, तिनं सगळे आकडे मनात मिळवले. एकसष्ट, सहासष्ट, सत्तावन्न, चौसष्ट, एकोणसाठ. तीनशे सात. आणि पुढं छापलेली बेरीज होती तीनशे नऊ.

तिनं पुन्हा मिळवले. मग कॅल्क्युलेटरवर. तीनशे सात.

सहासष्टाच्या जागी अडुसष्ट घातले की तीनशे नऊ बरोबर येत होते.

तिनं तो आकडा मोठा करून पाहिला. नंतर त्याच पानावरचा दुसरा सहा. मग तिसरा. तिन्ही अगदी एकसारखे. डोक्याच्या वळणाजवळ एकच तुटका ठिपका, तिघांनाही त्याच जागी. फॅक्समध्ये असं होत नाही. फॅक्सच्या ओळी रेघारेघांनी येतात, प्रत्येक सहा वेगळा लंगडतो.

मायाला गेल्या वर्षीचं ते काम आठवलं.

पोर्टलवर दोन एमबीच्या वरची फाईल चढत नव्हती. साध्या पद्धतीनं, एकही ठिपका न गमावता केलेली पीडीएफ अडीच-पावणेतीन एमबीची होई. मग तिनं दुसरी पद्धत निवडली होती. त्यात संगणक सारखी दिसणारी अक्षरं गोळा करतो, त्यांतलं एकच चित्र ठेवतो आणि बाकी सगळीकडे तेच शिक्क्यासारखं उमटवतो. फाईल पाऊण एमबीची झाली. पण फॅक्सच्या फिकट इंग्रजी आकड्यांत 8 आणि 6 किती सारखे दिसतात याचा विचार तिनं तेव्हा केला नव्हता. तिनं पानं मोजली होती. साठ गेली, साठ आली. दहा फायली डोळ्यांनी पाहिल्या, तर मुळापेक्षा त्याच नितळ दिसल्या. ती खूश झाली होती.

किती आठांचे सहा झाले असतील? किती जणांचे?

मूळ टिफ फायली पाहिजे होत्या, आणि त्या जुन्या सर्व्हरवर होत्या. ती शेजारच्या खोलीत गेली. तिथं विपुल बसायचा, मंडळाचे संगणक सांभाळणारा.

"विपुल, जुना सर्व्हर कुठी हाये?"

"गेला ना बाई, मंगळवारी. लिलावातला माल अकोल्याच्या चंदनभाऊनं उचलला. डिस्का तोच पुसणार होता." विपुलनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच तर लिहून देलं होतं, मूळ फायलीची गरज नाई म्हणून."

ते खरं होतं. तिच्या सहीचा कागद फाईलीत होता.

चंदनचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. मायानं पाच वेळा लावला. मग अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बाहेर आली. मनकर्णाबाई बाकावर तशीच बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"ताई, मी अकोल्याले जाऊन राहिली. मूळ कागद तिथी असू शकते. तुमाले घरी जाचंच हाये तर सोबतच चाला."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. बडनेरा गेलं. मनकर्णाबाई बोलत होती: चोवीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही, आणि आता वॉर्डातल्या पोरी तिला पाहून गप्प होतात. नवरा काही म्हणत नाही. पण परवा त्यानं विचारलं, खरं सांग, तवा काही केलं होतं का.

माया खिडकीबाहेर पाहत होती. तुरीची शेतं मागं पळत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. डिस्क पुसली गेली असली तर कधीच कळणार नव्हतं. तिचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. घरात पगार तिचा एकटीचा.

मूर्तिजापूरला बस थांबली. चहावाले ओरडत होते.

"ताई," माया म्हणाली, "ती चूक माझी हाये."

मनकर्णाबाईनं मान वळवली.

"तुमच्या आठाचा सहा संगणकानं केला. पण तसं कराले मी लावलं होतं. फाईल लहान कराच्या नादात. आणि पडताळणीत बेरीज मिळवून पाहिली असती तरी तवाच दिसलं असतं. मी पाहिली नाई."

बस सुटली, गावाबाहेर आली.

"मले हे आत्ता काहून सांगून राहिली?"

"तिथी काहीच नाई सापडलं तर मले सांगाची हिंमत होणार नाई म्हणून."

मनकर्णाबाईनं पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मी इंजेक्शन देताना बाटलीवरचं नाव तीनदा वाचतो," ती म्हणाली. "तीनदा."

चंदनचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत. फोन काउंटरवर चार्जिंगला पडला होता आणि तो आत एक मशीन उघडून बसला होता.

"अमरावतीचा सर्व्हर? त्यात दोन डिस्का होत्या," तो म्हणाला. "एक पुसली, विकली बी काल."

माया काउंटरवर पुढं वाकली. "आणि दुसरी?"

"दुसरी बेकार हाये. पुसाले लावली तर सुरुवातीलेच अटकली. मधी मधी खराब झाली दिसते. भंगारात टाकली."

सर्व्हरमध्ये एका डिस्कची नक्कल दुसरीवर ठेवत असत, हे मायाला ठाऊक होतं. म्हणजे त्या खराब डिस्कवरही सगळं होतं, जेवढं वाचता येईल तेवढं.

"भाऊ, ती पुसू नका. तिच्यावर काहीच लिहू नका. फक्त वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवा."

चंदननं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खोक्यातून डिस्क शोधून काढली. पुसण्याचं काम सुरुवातीलाच अडकलं होतं. तेवढा भाग गेला होता, मागचा शिल्लक होता. त्यानं नक्कल काढायला लावली. आकडे सरकू लागले. मग थांबले. डिस्कमधून कट्, कट् असा आवाज आला. ते यंत्र खराब जागा सोडून पुढं जाई, आणि शेवटी तिथं पुन्हा येऊन पाही. दर वेळी तो आवाज आला की माया मनातल्या मनात एखाद्या सालच्या याद्या वजा करी.

मनकर्णाबाई घरी गेली नाही. तिनं समोरच्या टपरीवरून तीन चहा आणले आणि एक मायाच्या हातात दिला.

दिवेलागणीला नक्कल पुरी झाली. फायलींची नावं पुसलेल्या भागाबरोबर गेली होती, म्हणून चंदननं टिफ फायली त्यांच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधून काढायला लावल्या. तीनशे बारा आल्या. अठ्ठावीस गेल्या. बिननावाच्या फायली माया एकेक उघडत गेली. पहिलं पान, केंद्र, साल, बंद. पहिलं पान, केंद्र, साल, बंद. एकशे चाळिसाव्याच्या आसपास कुठंतरी तिला अकोला केंद्र, १९९९ दिसलं. पान बत्तीस.

पान पसरट आणि बसकं दिसत होतं, जुना फॅक्स दिसतो तसं, कारण तो उभ्या दिशेनं निम्मेच ठिपके टिपायचा. तिनं ते ताणून सरळ केलं. आकडे फाटके, काळे ठिपके सगळीकडे. गावंडे मनकर्णा. शरीरशास्त्र.

आठाचं वरचं वेटोळं फुटलेलं होतं. पण वर उजवीकडे रेघ होती. आठ होता तो.

मनकर्णाबाईनं पडद्याजवळ तोंड नेऊन तो आकडा वाचला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बोट ठेवून.

"हे माझ्या नवऱ्याले दाखवाले छापून देता येईन का?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया कक्ष अधिकारी खुशालरावांपुढं उभी राहिली. तिनं दीड पानाचं टिपण लिहून आणलं होतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"माया, हे असं लिहून देलं तर वर तुझंच नाव जाईन. फक्त या बाईचं पत्र दुरुस्त करू. बाकी कायले उकरते?"

"साहेब, 'जुळत नाई' म्हणून आपण चौदा पत्रं देली. बाकी तेरा जण कोन हायेत, मले माहीत नाई."

खुशालरावांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी टिपणावर सही केली. हाताखालच्या माणसाला असं अडकताना पाहणं त्यांना आवडलेलं नव्हतं, पण सही केली.

दवाखान्याला दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी गेलं. मनकर्णाबाई आठवड्याभरात कामावर रुजू झाली. मायाचा करार तीन महिन्यांपुरता वाढला, हे काम निस्तरेपर्यंत. पुढचं कुणी सांगितलं नाही.

तिनं सगळ्या फायली पुन्हा केल्या. या वेळी फॅक्सचे ठिपके होते तसेच, एकही न बदलता, पीडीएफमध्ये गुंडाळले. फाईल दोन एमबीच्या वर गेली की मधून दोन भाग केले. मग प्रत्येक पीडीएफमधून पान उलट बाहेर काढून मूळ टिफशी ठिपक्याला ठिपका लावून पाहायला संगणकाला लावलं. फरक शून्य आला तरच पुढं जायचं. जुन्या पीडीएफ पोर्टलवरून काढल्या. गेलेल्या अठ्ठावीस फायलींसमोर तिनं लिहिलं: मूळ उपलब्ध नाही, यावरून कोणासही खोटे ठरवू नये.

चौदा पत्रांपैकी आठ जणांनी खरंच खाडाखोड केली होती. मनकर्णाबाईशिवाय तिघं निर्दोष निघाले. दोघांची पानं गेलेल्या फायलींत होती, त्यांचं काही सांगता येत नव्हतं.

त्या तिघांतला पहिला मोतीराम, चांदूर बाजारचा. त्याच्या अर्जावरचा नंबर मायानं लावला. घंटी वाजत राहिली. 'जुळत नाही' हे त्याचं पत्र गेल्याला सात महिने झाले होते.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला. "कोन बोलून राहिलं?"

मायानं आपलं नाव सांगितलं, आणि कुठून बोलते ते सांगितलं.