बोटापुरती जागा

काचेची भांडी खोक्यात भरण्यात त्याचा हात धरणारं गोदामात कोणी नव्हतं. त्याने भरलेलं खोकं कितीही हलवा, आतून हूं नाही की चूं नाही. बायकोला सकाळची पाळी लागली आणि पहिलीतल्या लेकीचा डबा त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने हीच विद्या तिथे लावली. पावाचे चौकोन, उकडलेलं अंडं, काकडी, सफरचंद, आणि उरलेल्या फटींत मटार ठासून. मग झाकण लावून तो डबा लेकीच्या कानाशी हलवायचा. "ऐक! आवाज येतोय?"

आवाज येत नसे. पण संध्याकाळी डबा जवळजवळ तसाच परत यायचा. "भूक नव्हती, बाबा." पोर सुकत चालली होती आणि बापाचा जीव तुटत होता. "माझ्या हाताला चवच नाही," तो बायकोला म्हणाला.

अशात शाळेच्या आहारताईंनी डब्यांच्या फोटोंची पालकसभा बोलावली, मुलांसकट. वर्गातले सगळे डबे एकाच दिवशी, त्याच खिडकीपाशी, बरोबर वरून टिपलेले. खाली नाव नाही, नुसता नंबर. समतोल आणि मांडणी यांचे गुण आहारताईंचे. 'खावासा वाटतो' हा रकाना मुलांचा. प्रत्येकाला दोन लाल स्टिकर.

सात नंबर आपला, हे त्याने लांबूनच ओळखलं. समतोल, दहापैकी दहा. मांडणी, दहापैकी दहा. त्याची छाती फुगली. लाल स्टिकर मात्र एकही नाही! बारा नंबरातल्या भाताने काकडीवर लोळण घेतली होती, तरी त्याला नऊ.

"हा कुठला न्याय, ताई?"

"मला काय विचारता? ज्यांनी स्टिकर लावले त्यांना विचारा," आहारताई हसत म्हणाल्या.

समोरचे दोन दात पडलेली एक चिमुरडी पुढे आली. "सातवा छान आहे, काका. पण त्यातलं काढायचं कसं? बोट कुठून घालायचं?"

तो लेकीकडे वळला. ती बुटांकडे बघत होती.

"पेन्सिलीने काढायला गेले, तर अंड्याचा चुरा झाला. तेवढ्यात सुट्टी संपते, बाबा."

"अगं, मग सांगायचंस की!"

"तू रोज हलवून दाखवतोस ना. किती खूश असतोस!"

हसावं की रडावं त्याला कळेना. चारचौघांत त्याने दोन्ही उरकून घेतलं.

सोमवारी त्याने डबा भरला आणि एक कोपरा मोकळा सोडला. तिथे मटार टाकायला हात शिवशिवत होते, पण त्याने हात खिशात घातले. डबा हलवूनही पाहिला नाही.

संध्याकाळी लेकीने दारातच डबा त्याच्या कानाशी धरला आणि जोरजोरात हलवला. "ऐक, बाबा! आवाज येतोय?"

त्याने श्वास रोखून ऐकलं. कोपरा मोकळा होता. एक दाणा जरी उरला असता तरी वाजला असता. आत काहीच वाजलं नाही.