शेवटची चार प्रकरणं

चूक कबूल करायला एक ठरावीक वेळ असते. ती टळली की चूक वाढत जाते, आणि मग माणूस ती झाकायला धावतो. संपादन करणाऱ्या त्या मुलीची ही वेळ सोमवारी सकाळी साडेदहाला टळली. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या छोट्या स्टुडिओत भोंगा डोकं धरून बसला होता आणि म्हणत होता, “अरे, हे काय झालं? संपादन केलेलं सगळं गायब, आणि वर्षभरापूर्वीच्या कच्च्या फाइली परत आल्यात!”

भोंगा म्हणजे स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. माणूस कामाचा, पण आवाज असा की काचेच्या खोलीत बसून बोलला तरी बाहेर ऐकू यावं. म्हणून हे नाव. त्याला तिने तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा रे, हे मी केलंय. पण तिने स्क्रीनकडे बघत “अगंबाई!” एवढंच म्हटलं. तिला ते इतकं छान जमलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

झालं होतं असं. गुरुवारी दुपारी तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. स्टुडिओचं सगळं काम एकाच क्लाउड ड्राइव्हवर असायचं, सगळ्यांच्या मशीनवर त्याची प्रत. एवढा ढीग इंटरनेटवरून उतरायला रात्र लागणार होती. तिच्या ड्रॉवरमध्ये त्याच ड्राइव्हची जुनी प्रत एका पेनड्राइव्हवर होती. ती वरून ओतली तर वेळ वाचेल, असा शहाणपणा तिला सुचला. “सारख्या नावाच्या फाइली बदलायच्या का?” मशीनने विचारलं. हो. “सगळ्याच?” सगळ्याच. नंतर काही फोल्डर दोनदोन दिसले, तेव्हा तिने जास्तीचे म्हणून भराभर उडवलेही. ती आपलं टेबल आवरत होती. सगळ्या प्रती सारख्या ठेवणाऱ्या सिंकला टेबल कळत नाही. तिने जे आपल्या मशीनवर केलं, ते त्याने इमानेइतबारे वर क्लाउडवर नेलं आणि तिथून सगळ्यांच्या मशीनवर उतरवलं. शुक्रवार ते रविवार स्टुडिओ बंद, म्हणून सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

स्टुडिओ तिच्या मामांचा. वाचनाचा आवाजही त्यांचाच. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेल्या भाचीला त्यांनी कानाला हेडफोन लावून शेजारी बसवलं होतं आणि श्वास कुठे कापायचा, कुठे ठेवायचा, ते शिकवलं होतं. त्या सोमवारी मामा इस्पितळात होते. स्वरयंत्रावरची गाठ काढायची होती. आवाज राहील, पण असाच राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून हातातली जाडजूड कादंबरी ऑपरेशनच्या आत संपवायचा त्यांनी चंग बांधला होता. शेवटची चार प्रकरणं उरली होती. “घरीच उरकतो,” असं म्हणून ते गुरुवारी माइक आणि आपला लॅपटॉप घेऊन गेले होते.

सोमवारी संध्याकाळपर्यंत संशय भोंग्यावर जाऊन बसला. पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरणारा तोच. बिचारा दिवसभर रिसायकल बिनमधून एकेक फाइल परत आणत बसला, त्याने गुंता आणखी वाढला. इस्पितळातून मामींचा फोन आला तेव्हा “भोंग्याकडून काहीतरी झालंय बहुतेक,” हे वाक्य तिच्याच तोंडून गेलं. बहुतेक! काय सोयीचा शब्द आहे.

मंगळवारी तिने घोळ निस्तरायचं मनावर घेतलं. एकेक फाइल उचलून हे होणार नव्हतं. बिनमध्ये असतं उडवलेलं, पण वरून लिहिलं गेलेलं तिथे नसतं. अशा वेळी अख्खा ड्राइव्ह मागच्या एखाद्या तारखेला नेता येतो, अट एवढीच की महिना उलटलेला नसावा. मामांनी खात्याचा पासवर्ड विश्वासाने तिला देऊन ठेवला होता. तिने पान उघडलं. ड्राइव्हवर काय काय घडलं त्याची यादी समोर आली, ताजं वर आणि जुनं खाली. एका ओळीवर बोट ठेवलं की तिच्यानंतरचं सगळं आपोआप निवडलं जातं. मधलं एखादं वगळता येत नाही. ती खाली सरकत गेली. वर भोंग्याच्या सोमवारच्या धडपडीच्या शेकडो ओळी होत्या. त्या ती न वाचताच ओलांडून गेली. तिला फक्त तिचा गुरुवार हवा होता. गुरुवार दुपार, पेनड्राइव्ह लावण्याच्या आधीचा क्षण. “इथपर्यंत मागे न्यायचं?” हो.

दोनेक तास लागले. मग एकेक फोल्डर जसाच्या तसा परत आला. कापलेले श्वास कापलेले, ठेवलेले ठेवलेले. भोंग्याने तिला हात जोडले. “तू नसतीस तर मामांनी मला उभा सोलला असता!” ती हसली. त्या हसण्याची आठवण पुढे तिला फार दिवस छळणार होती.

आणि मग तिने दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा वाईट, कारण ही समजून उमजून होती. ड्राइव्ह मागे नेला की त्या क्षणानंतर जन्मलेल्या फाइली बिनमध्ये जाऊन पडतात. बिनमध्ये तिच्या पेनड्राइव्हवरचा कचरा पडला होता, तिनेच पूर्वी दिलेल्या नावांसकट. कोणी डोकावलं तर लगेच ओळखलं असतं. तिने बिन रिकामा केला. “कायमचं काढून टाकायचं?” हो. जीव भांड्यात पडला.

बुधवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन उरलेल्या कामाला बसली. ‘शेवटची चार’ हा फोल्डर शोधला. फोल्डरच नव्हता. दोन क्षण तिला काही कळेना. मग कळलं, आणि कप तसाच टेबलावर राहिला. मामांनी ती प्रकरणं शुक्रवारी आणि शनिवारी वाचली होती. गुरुवारनंतर. तिने ड्राइव्ह मागे नेला तेव्हा ती बिनमध्ये गेली, आणि बिन तिने स्वतःच्या हाताने रिकामा केला. तो आवाज परवा ऑपरेशनच्या टेबलावर संपला होता.

 ड्राइव्ह आणखी एकदा फिरवून बघावा, तर कायमचं काढलेलं त्यातूनही येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एक गोष्ट सुचली. मामांचा लॅपटॉप! रविवारी त्यांनी तो बंद केला होता. बंद मशीनला वर काय झालंय याचा पत्ता नसतो. चारही फाइली तिथे अजून असतील. पण तो उघडला आणि इंटरनेटला जोडला गेला, की सिंक आपलं काम करणार आणि त्याही उचलणार.

तिने मामींना फोन लावला. “कसे आहेत मामा?”

“कालच घरी आणलं. आठवडाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणालेत डॉक्टर. कागदावर लिहून लिहून हात दुखला म्हणे, म्हणून आता लॅपटॉप मागताहेत. तोच काढत्येय बघ बॅगेतून.”

“मामी, उघडू नका! त्यांनाही उघडू देऊ नका. मी येतेय!”

“अगं पण का?”

इथे खरं सांगायला तिला एक श्वास पुरला असता. ती म्हणाली, “भोंग्याने घातलेला घोळ आहे, आल्यावर सांगते.”

मामांच्या घरी पोचल्यावर तिने आधी दिवाणखान्यातल्या राउटरची पिन उपटली. मग लॅपटॉप उघडला. मामा पलंगावर टेकून बसले होते, गळ्यावर पट्टी, मांडीवर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. फोल्डर होता. त्यात चार फाइली होत्या. तिने त्या आधी नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, मग खात्रीसाठी शेवटची तिथूनच लावून बघितली. खोलीत मामांचा आवाज भरला, तो जुना, भरदार, थोडा खरखरीत. मामी स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. प्रकरण संपलं, आणि मग पुस्तकात नसलेली दोन वाक्यं आली. “पोरी, मधे दोनदा खोकलोय, काढून टाक. बाकी तुझ्या हातात आहे, मला काळजी नाही.”

मामा डोळे मिटून ऐकत होते. तिला मात्र मान वर करवेना.

तिने राउटर पुन्हा लावला. मामांनी स्क्रीनकडे बघितलं. एक फाइल गेली, दुसरी गेली, मग तिसरी आणि चौथी एकदम, आणि शेवटी फोल्डरही. मामांनी घाबरून तिचं मनगट पकडलं. तिने पेनड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला. “इथे आहेत. कुठे जात नाहीत आता.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कागद ओढून लिहिलं, “भोंग्याचं आता काय करायचं? काढावं लागेल. वाईट वाटतं, पण लागेल.”

ती ते वाचत राहिली. मान डोलावली असती तरी भागलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं, यादीच्या त्या ओळी उघडून बघणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

“मामा, भोंग्याने काही केलं नाही,” ती म्हणाली. “मी केलं. गुरुवारी मीच जुनी प्रत वरून ओतली. ड्राइव्ह मीच मागे नेला, तुमच्या फाइली आहेत का ते न बघता. आणि माझं उघडं पडू नये म्हणून बिन मी रिकामा केला. तुमचा आवाज मी टाकून दिला होता मामा. नाव त्याचं घेतलं.”

मामींनी तोंडाला पदर लावला. मामांचा चेहरा लाल झाला. ओठ उघडले, गळ्यावरची पट्टी हलली, आणि त्यांनी स्वतःच हाताने तोंड दाबून धरलं. रागवायचीसुद्धा त्यांना आठवडाभर बंदी होती. त्यांनी ओरडावं, कानाखाली द्यावी, असं तिला फार वाटलं. मामांनी कागद बाजूला सारला. फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दोघांच्या मधे गादीवर ठेवला.

एकदाच वाजला. “मामा? बोलू नका, बोलू नका तुम्ही!” भोंग्याचा तो मोठा आवाज आज कसाबसा येत होता. “मीच सांगतो. मी दोन दिवस नीट आठवून बघितलं. मला आठवत नाही, पण माझ्याच हातून झालं असणार. दुसरं कोण करणार? मी या महिन्यानंतर येत नाही. फक्त तुम्ही माझ्यावर राग धरू नका.”

मामांनी फोन तिच्याकडे सरकवला.

“भोंग्या,” ती म्हणाली, “मी बोलतेय.”