रिकाम्या सुपातल्या विड्या

लटारू कंपाउंडरला गावात डॉक्टरांपेक्षा जास्त मान होता, आणि त्या मानाचं त्याला सुखही फार होतं. डॉक्टरसाहेब महिन्यातले पंधरा दिवस एटापल्लीकडे देवी टोचत फिरायचे. मग दवाखाना लटारूचाच. कुणाचं पोट दुखलं की लोक म्हणायचे, "लटारूभाऊले दाखव." अशा माणसाची माय मात्र तीन महिने रात्र रात्र जागी.

रुखमाबाईने चाळीस वर्षं विड्या वळून लटारूला शिकवलं होतं. आता सत्तरीत गुडघे ठणकायचे, झोप उडाली होती. तरी विहिरीवर स्वतःच्या पायांनी जायची. देवाकडे तिचं एकच मागणं होतं. "देवा, मले हातपाय चालते असतानी जाऊ दे. कोनावर पडून राहाची पाळी नको येऊ देऊ."

त्या वर्षी दवाखान्यात खाजेची नवी गोळी आली होती. बिब्ब्याचा चीक लागून अंग उतलेल्या लाकूडतोड्यांना ती दिली की खाज थांबायची आणि गडी दिवसभर झोपायचे. लटारूने लगेच तिचं बारसं करून टाकलं: झोपेची गोळी. संध्याकाळी मायला एक दिली. माय सकाळपर्यंत कुशीवर वळली नाही.

"पाह्यलं?" तो बायकोला, भागीरथेला म्हणाला. "डॉक्टर घरीच हाय."

चौथ्या दिवशी मायच्या तोंडाला कोरड पडली. भाकरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरे, गिळवेना. सहाव्या दिवशी दुपारी ती रिकामं सूप मांडीवर घेऊन बसली. हवेतलं पान उचलायची, हवेतली तंबाखू भरायची, नसलेला धागा गुंडाळायची आणि वळलेली विडी जपून बाजूला ठेवायची. मधूनच वीस वर्षांपूर्वी मेलेल्या जावेला म्हणायची, "ओल्या पानाची नको वळू वं."

भागीरथा घाबरली. "मायचं काई खरं नाई दिसत. तुमच्या गोळीनं त नाई?"

"चाळीस वर्षांची सवय हाय ते, हाताले. झोप कमी पडून राह्यली तिले," लटारू म्हणाला.

आणि त्या शहाण्याने संध्याकाळी एकाच्या दोन गोळ्या दिल्या. दुसऱ्या कुणाची माय असती तर त्याने निदान नाडी तरी पाहिली असती.

सकाळी रुखमाबाई चार वेळा लघवीला जाऊन तशीच परत आली. पोट तटतटलेलं, पण थेंब उतरेना. पाचव्या वेळी झोकांड्या खात निघाली आणि पन्नास वर्षं ओलांडलेल्या उंबऱ्यालाच अडखळून पडली. उजवा पाय आखूड झाला, पंजा बाहेर वळला.

दुपारी दौऱ्यावरून परतलेले डॉक्टर थेट घरी आले. त्यांनी पाय पाहिला, रबरी नळी घालून लघवी काढली. कातडी लाल, तापलेली, घामाचा टिपूस नाही. मग त्यांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या.

"लटारू, हिला धोतरा कोणी दिला?"

बाजारात धोतरा खाऊ घालून लुटलेल्या माणसांची पोटं लटारूने स्वतः धुतली होती. ते डोळे, ती बडबड, हवेत चाचपणारे हात त्याला तोंडपाठ होते. त्याने खिशातली गोळ्यांची पुडी काढून पुढे केली, आणि माय हवेत विड्या वळू लागल्यावर एकाच्या दोन दिल्याचंही सांगितलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"धोतरा अंगात जे अडवतो तेच ही गोळीही अडवते," ते म्हणाले. "म्हणून लाळ सुकते, लघवी अडते, डोकं भ्रमतं, तोल जातो. तरण्या माणसाच्या अंगातून ती लवकर उतरते. म्हाताऱ्याच्या अंगात कालची उतरायच्या आत आजची चढते. म्हाताऱ्या माणसाला झोपेसाठी ही कधी द्यायची नाही. भ्रम दिसला की थांबवायची, आणि तू वाढवलीस."

"डोकं ठिकाणावर येईन?"

"येईल. खुब्याचं मोडलेलं हाड मात्र या वयात सांधत नाही."

गोळी बंद झाली. चौथ्या दिवशी मायचं डोकं लख्ख झालं. आपण आता उठणार नाही हेही तिला लख्ख कळलं. पाठीला जखमा पडू लागल्या. भागीरथा तिचं सगळं अंथरुणातच करायची, आणि माय तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायची. लटारूला ते बघवत नसे.

एके सकाळी शेजारची सुगंधाबाई, वयाने मायच्याच बरोबरीची, भेटायला आली. "मलेबी झोप नाई वं," ती म्हणाली.

"माह्या पोराजवळ मोठी चांगली गोळी हाय," माय कौतुकाने म्हणाली. "लटारू, दे हिले. अन् मलेबी दे. ते खात होती तवा मी चालून राह्यली होती."

सुगंधाबाईने हात पुढे केला.

"नाई," लटारू म्हणाला.

"काऊन?"

त्याला खोटं सुचलं असतं तर तो बोलला असता. "त्या गोळीनंच पाडलं तुले, माय."

सुगंधाबाईने हात पदरात ओढून घेतला. मायने त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"अन् तुले मालूम नव्हतं? याच्यासाठीच शिकवलं ना रे तुले?"