दोन सेकंदांचा झोका

पंच्याऐंशीच्या भूकंपात ओतिलिया सेर्वीनचा भाऊ उबाल्दो गेला, तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे आत्याच्या दुमजली घरात चुलीपाशी उभी होती. मेक्सिको शहरात सकाळी सगळीकडे आतोले, म्हणजे मक्याची गोड पेज, उकळत असतं, तसं त्या घरातही उकळत होतं. जमीन हलली ती धक्के देत नाही, तर होडीसारखी, सावकाश, एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला. आत्याच्या फळीवरचा एक पेलासुद्धा पडला नाही. पण समोरची उंच इमारत प्रत्येक हेलकाव्याला आधीपेक्षा जास्त झुकत गेली आणि शेवटी मजल्यावर मजला बसत खाली आली. उबाल्दो नवव्या मजल्यावर भाड्याने राहायचा. मूळ इमारत आठ मजल्यांची होती. वरचे मजले मालकाने नंतर चढवले होते आणि त्यांच्या नकाशांवर सही होती इंजिनियर बालतासार किंतानाची.

चौकशी झाली. किंताना पांढरा सदरा घालून आला आणि म्हणाला, "हा देवाचा तडाखा होता. माणसाच्या हिशोबात तो बसत नाही." ओतिलिया मागच्या बाकावर होती. तिने मोठ्याने विचारलं, "मग समोरचं आमच्या आत्याचं घर देवाला दिसलं नाही का?" शिपायाने तिला बाहेर नेलं. किंतानाने मान वळवूनही पाहिलं नाही.

त्या एका प्रश्नासाठी ती इंजिनियर झाली. लोक म्हणत, भावाच्या आठवणीसाठी शिकली. तसं काही नव्हतं. त्या माणसाला त्याच्याच भाषेत पकडायचं होतं, म्हणून शिकली.

उत्तर तिला पहिल्या दोन वर्षांतच सापडलं. हे शहर आटलेल्या तळ्यावर बसलंय. खाली मऊ चिखल आहे, जेलीसारखा थरथरणारा. भूकंप दूरच्या किनाऱ्यावर होतो. वाटेत त्यातले बारीक, झपझप धक्के विरून जातात, संथ लाटा उरतात. चिखल त्यातली स्वतःच्या तालाची लाट उचलतो आणि तीच फुगवतो. शहराच्या मध्यभागी एक झोका पुरा व्हायला साधारण दोन सेकंद लागतात. इमारतींचाही प्रत्येकीचा ताल असतो. बुटकी, ताठ इमारत झटकन हलून झटकन परत येते. उंच, लवचीक इमारतीला वेळ लागतो. जमिनीचा ताल आणि इमारतीचा ताल जुळला, की प्रत्येक हेलकावा आधीच्यात मिसळतो. आत्याचं घर चिखलाबरोबर नुसतं इकडून तिकडे सरकत राहिलं. समोरच्या इमारतीचा ताल मजले चढवल्यामुळे लांबला होता. भिंतींना तडे गेल्यावर ती आणखी सैल झाली, ताल आणखी लांबला आणि जमिनीच्या तालाला जाऊन मिळाला.

ओतिलियाने इमारतींची थरथर मोजायचं काम धरलं. किंतानाचे केस पिकले, त्याला मानपत्रं मिळाली. ती वाट बघत राहिली.

एक दिवस कासिल्दाबाई नावाच्या बाईंचा फोन आला. त्या एका अठरा मजली इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

"इंजिनियरबाई, आमच्याकडे ट्रक गेला तर काही होत नाही, पण लांब कुठे भूकंप झाला की वरच्या लोकांना उलट्या होतात. एकदा येऊन बघता का?"

"बघते. बांधली कुणी?"

"आमच्यातच राहतात ना ते. किंतानासाहेब. वरचे चार मजले त्यांनी मागाहून चढवले. चारही त्यांच्याच मालकीचे, सगळ्यात वर स्वतःच राहतात."

ओतिलियाने पत्ता लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती मदतनीस चेमाला घेऊन गेली. चेमा तिच्याच वयाचा, जाड मिशांचा माणूस. तिच्याबरोबर त्याने निम्मं शहर मोजलं होतं. गच्चीवर त्यांनी थरथर टिपणारी यंत्रं ठेवली. वाऱ्याने, रहदारीने प्रत्येक इमारत सतत किंचित हलत असते आणि हलते ती स्वतःच्याच तालात. ताल आला दोन सेकंदांच्या जरासा आत. मूळच्या चौदा मजल्यांचा ताल दीड सेकंदाच्या आसपास असणार होता, तो चार मजल्यांनी ओढून नेला होता.

चेमा पडद्याकडे बघत म्हणाला, "याने तर बंदुकीपुढे छाती धरलीय."

"छाती याची एकट्याची नाही. खालच्या चौदा मजल्यांत साठ घरं आहेत."

"तू हसतेयस, ओती."

"हो," ती म्हणाली.

उपाय दोनच होते. लोखंडी तिरक्या पट्ट्या ठोकून इमारत ताठ करायची, किंवा वरचे मजले उतरवायचे. पट्ट्यांचं गणित तिने दोनदा केलं, दोन्ही वेळा प्रामाणिकपणे. इमारत ताठ झाली की सगळा जोर खांबांतून इमारतीच्या पायावर उतरणार होता आणि त्याखाली चिखलात ठोकलेले जुने खुंट तो झेलणार नव्हते. म्हणजे मजलेच उतरवायला हवेत. किंतानाचं घर कापायला हवं. गणित असं सुटावं अशी तिची आधीपासून इच्छा होती. सुटल्यावर तिने ते दुसऱ्या एका इंजिनियरकडून तपासून घेतलं. पुढे कुणी म्हणायला नको की सूडापोटी खोटं लिहिलं. सूड खरा असायला हवा होता, आकड्यांसकट.

मंडळाच्या बैठकीत किंताना काठी टेकत आला. ऐंशीच्या पुढचा, पण ताठ.

"बाई, ही इमारत पंच्याऐंशीतही उभी राहिली होती."

"तेव्हा हिला चौदा मजले होते."

"मी हे शहर तुमच्या जन्माआधीपासून बांधतोय. चार हलक्या मजल्यांनी काय होतं? खरा मोठा भूकंप आला तर कशालाच काही अर्थ नाही. तो देवाचा तडाखा."

तेच शब्द. ओतिलियाला वाटलं होतं राग येईल. उलट तिचा आवाज मऊ झाला. "मग आपण देवाला बाजूला ठेवून बघू. मला गच्चीवर एक यंत्र बसवू द्या. रुळांवर पुढेमागे सरकणारं वजन, बस. इमारतीपुढे म्हणाल तर बैलाच्या पाठीवरची माशी. तुम्ही तुमच्या दिवाणखान्यात बसा, मंडळालाही बसवा."

किंताना हसला. "माशीने बैल हलवणार?"

"बघू या."

शनिवारी सकाळी खालची सगळी घरं रिकामी केली. यंत्राला मर्यादा घालून ठेवली होती, त्यापुढे ते आपोआप थांबणार होतं. वरच्या दिवाणखान्यात मंडळाची माणसं, खुर्चीत किंताना आणि खिडकीशी ओतिलिया. छताला लांब दांडीचं झुंबर होतं. गच्चीवरून चेमा बिनतारी यंत्रावर बोलत होता.

"आधी जलद," ती म्हणाली. "सेकंदाला दोन झोके."

वर घरघर ऐकू आली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी जेमतेम शहारलं. किंतानाने कॉफीचा घोट घेतला.

"हीच का ती माशी?"

"चेमा, आता दोन सेकंदांना एक. जोर तेवढाच, वाढवू नकोस."

घरघर संथ झाली. आधी काहीच झालं नाही. मग झुंबर हललं, परत आलं, जरा जास्त हललं. पेल्यातलं पाणी काठाकडे चढायला लागलं. दार आपणहून उघडलं आणि मिटलं. कासिल्दाबाईंनी टेबल धरलं. खिडकीबाहेरच्या चर्चचा कळस चौकटीत डावीकडे जायचा आणि उजवीकडे यायचा. हलणारी अर्थातच इमारत होती.

"जोर वाढवलात तुम्ही," किंताना म्हणाला.

"चेमा, जोर?"

"तेवढाच आहे, बाई."

"जोर वाढलेला नाही, साहेब. ताल जुळलाय. प्रत्येक झोक्यात थोडं थोडं साठत जातंय."

किंतानाचा चेहरा राखेसारखा झाला. खुर्चीच्या हातांवर त्याची बोटं आवळली होती. "थांबवा."

"अजून मर्यादेच्या आत आहोत."

"थांबवा म्हणतो ना."

"थांबवते. एकच सांगा. सेर्वीन नाव आठवतं? उबाल्दो सेर्वीन, नववा मजला. आठ मजल्यांवर तुम्ही आणखी चढवले होते. त्या इमारतीचं काय झालं, हे इंजिनियर म्हणून या लोकांना सांगा. देव नको."

झुंबर जाऊन येत होतं. कासिल्दाबाई ओतिलियाकडे बघत राहिल्या. आता त्यांना कळायला लागलं होतं. "इंजिनियरबाई, बस करा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. ओतिलिया हलली नाही.

किंतानाने झुंबराकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताल लांबला. मजल्यांमुळे. जमिनीच्या तालावर गेला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"चौकशीच्या आधीच."

"चेमा, बंद कर."

यंत्र थांबलं तरी इमारत लगेच थांबली नाही. झोके हळूहळू लहान होत गेले.

मजले उतरवायचं मंडळाने एकमताने ठरवलं. किंतानाने एकदाच विचारलं, तिरक्या पट्ट्या का नाहीत. ओतिलियाने गणित पुढे केलं. त्याने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि परत देताना म्हणाला, "बरोबर आहे." त्यालाही ते कळत होतं, आणि त्यातच तिला सगळ्यात जास्त समाधान मिळालं.

कामाच्या वेळी ती रोज जायची. तिची तशी गरज नव्हती. किंतानाच्या दिवाणखान्याची फरशी कापून, तुकडे करून खाली सोडत होते, तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर भाचीबरोबर उभा होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हे तुम्ही या लोकांसाठी केलंत," त्याने विचारलं, "की भावासाठी?"

"भावासाठी. लोकांना फुकटात मिळालं."

"आता बरं वाटतंय?"

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत असेल मी नाही म्हणेन. पण बरं वाटतंय."

तो भाचीच्या बैठ्या घरात राहायला गेला. मानपत्र देणाऱ्या संस्थेने भिंतीवरचा त्याचा फोटो काढला. त्याची ती कबुली तिथे कासिल्दाबाईंनीच पोहोचवली होती.

पुढे दोन वर्षांनी किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि शहराचा चिखल त्याच जुन्या संथ तालात डोलायला लागला. चौदा मजल्यांची ती इमारतही डोलली, काही भिंतींना चिरा गेल्या, पण झोके वाढत गेले नाहीत. साठही घरांतली माणसं जिन्याने खाली उतरली. कासिल्दाबाईंनी रस्त्यावरूनच फोन लावला. "बाई, उभी आहे. सगळे ठीक आहोत."

"ठीक," ओतिलिया म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने चेमाला दुसरा फोन लावायला सांगितला, किंतानाच्या भाचीला.

"म्हातारा कसा आहे ते विचारायचंय?"

"इमारत उभी आहे ते सांगायचंय. त्यालाच. भाचीला नको सांगूस."

चेमाने नंबर फिरवला. किंतानाने फोन घेतला, ऐकलं आणि विचारलं, वरच्या मजल्यावर किती हललं, कुणी मोजलं का. चेमाने तिच्याकडे बघितलं; नव्या गच्चीवर तिनेच एक यंत्र ठेवलं होतं आणि त्याचे आकडे तिच्यासमोर होते. तिने फोन हातात घेतला आणि त्याला आकडे सांगायला सुरुवात केली, एकेक करून, सावकाश, म्हणजे त्याला लिहून घेता येतील.