पास झालेला भाग

माझी बायको गया वारल्याचे कळले त्या दिवशी मी कारखान्याच्या शॉपमध्ये व्हाइसच्या पकडीत लोखंडाचा तुकडा घासत होतो. माझा साळा लहानू आमगावहून पॅसेंजरने आला आणि गेटवरून निरोप पाठवला. ती महिनाभर माहेरीच आजारी होती. मी कानस खाली ठेवली आणि गेलो.

तेराव्यानंतर निघताना लहानू माझ्या लेकीबद्दल म्हणाला, "भाऊजी, जया आमच्यापाशी राहू द्या. खुर्सीपारच्या त्या खोपटात पोर एकटी कशी राहीन? क्वार्टर भेटलं का घेऊन जा."

कंपनीचे क्वार्टर फिटरला मिळत होते. मी हेल्पर होतो. फिटर व्हायची परीक्षा मागच्या वेळी दिली होती. तिचे तीन भाग होते: हाताचे काम, ड्रॉइंग वाचणे आणि सुरक्षेची तोंडी परीक्षा. प्रत्येकात शंभरपैकी चाळीस आणि तिन्ही मिळून दीडशे पाहिजेत. मला हाताच्या कामात चौऱ्याऐंशी, ड्रॉइंगमध्ये एकतीस आणि सुरक्षेत त्रेचाळीस मिळाले होते. बेरीज दीडशेच्या वर गेली, तरी नापास.

आता पुन्हा तारीख लागली. ड्यूटीनंतर व्हाइस मोकळा दिसला की मी कानस घेऊन उभा राहायचो. घासताना डोके शांत राहायचे.

माझा दोस्त पुंडलिक दोन वर्षांपूर्वी फिटर झाला होता. एके दिवशी त्याने माझ्या हातातली कानस काढून घेतली.

"काय करून राहिला बे? चौऱ्याऐंशीचे पंच्याण्णव केले तर ड्रॉइंगवाला साहेब तुले उधार देते का?"

"हात बसला पाहिजे ना."

"बसलाच हाय, चांगला मांडी घालून बसला हाय! सुटू नोको देऊ, रविवारी एक तुकडा घास. बाकी टाइम ड्रॉइंगले अन् सेफ्टीले. चाळीसवर नोको थांबू, पन्नासपर्यंत ने. साहेबापुढं दहा मार्क तं घाबरण्यातच जातेत."

मी ऐकले, पण निम्मेच. रोज संध्याकाळी ड्रॉइंग घेऊन बसू लागलो. वरून दिसणारी बाजू कागदावर खाली काढतात, हे मला उलटे वाटायचे. पुंडलिकने साबणाच्या वडीचा तुकडा कापून फिरवून दाखवला, तेव्हा समजले. हळूहळू मापे बरोबर येऊ लागली. सगळा वेळ मी तिथेच घातला. सुरक्षेत तर मी पास झालो होतो, असे मनाला सांगत राहिलो.

खरे असे की सुरक्षेचे पुस्तक गया वाचून दाखवायची. चौथीपर्यंत शिकली होती. चुलीपुढे बसून अडखळत हिंदी वाचायची, मी उत्तर द्यायचो. चुकलो की क्रेनखालच्या कामगारावरून म्हणायची, "मेला तुमचा खलाशी." ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत होते. पेटी मी उघडली नव्हती.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा पुंडलिक खोलीवर आला. ड्रॉइंगचे पाच प्रश्न दिले, चार बरोबर आले. तो खूश झाला. मग म्हणाला, "आता सेफ्टी. क्रेननं माल उचलाच्या पयले काय पाहाचं?"

"साखळी पाहाची."

"अन्?"

मी पुन्हा साखळीच सांगितली.

"थोडासा उचलून थांबवाचा, तोल पाहाचा. बरं, ग्राइंडरच्या टेकूत अन् चाकात फट किती?"

मी अंदाजाने आकडा सांगितला, तो चुकला. त्याने आणखी विचारले. दहापैकी तीन आले.

"शालिक, हे काय झालं? तुले तं हे येत होतं!"

"मी यात पास हाओ ना."

"मागच्या वेळी पास होता बाप्पा! आता तिन्ही भाग पुन्हा घेतेत. जुने मार्क कोणी नाही धरत. एक खड्डा बुजवला अन् दुसरा खोदून ठेवला तू. पुस्तक कुठं हाय?"

मी पेटीकडे पाहिले. तो समजला.

"वयनी वाचत होती, नाही का?" तो म्हणाला. "मी वाचीन. माह्यी हिंदी तिच्याहून खराब हाय, हासू नोको."

मी पेटी उघडली. पुस्तक तिच्या लुगड्याखाली होते. पुंडलिकने वाचायला घेतले आणि पहिल्याच ओळीवर अडखळला. मला हसू आले नाही, पण उत्तर आले.

रोज सुरक्षा आधी आणि ड्रॉइंग नंतर, फक्त उजळणीपुरते, असे आम्ही ठरवले. रविवारी एक तुकडा घासला, माप बरोबर उतरले. सुरक्षेत आता दहापैकी पाच येतात, कधी चार. चार म्हणजे अगदी काठावर. जया आमगावलाच आहे. परीक्षा उद्या आहे आणि क्रेनच्या इशाऱ्यांचा धडा अजून वाचायचा राहिला आहे.